बत्तीस जीबीचे कार्ड पाचशे एमबीचे का दिसते?

मेमरी कार्डावर ३२ जीबी असे ठळक छापलेले असते. ते कॉम्प्युटरला लावले, की दिसतो तो जेमतेम ५०० एमबीचा ड्राइव्ह. माणूस त्यावर राइट क्लिक करून फॉरमॅट करतो. काही सेकंदांत फॉरमॅट पूर्ण झाल्याचा संदेश येतो, कुठलीही चूक दाखवली जात नाही आणि आकडा पुन्हा तोच, ५०० एमबी. दोन-तीनदा हेच झाले, की 'कार्ड गेलं' असा निष्कर्ष निघतो आणि नवे कार्ड विकत घेतले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते जुने कार्ड धडधाकट असते. त्याची एकही जीबी जागा कमी झालेली नसते. कार्डाच्या अगदी सुरुवातीला असलेली एक छोटीशी नोंद तेवढी चुकीची असते. ती पुसली, की सगळी जागा परत मिळते.

हा प्रकार सर्वांत जास्त घडतो तो रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांकडे. ब्रिटनमधल्या केंब्रिज इथे तयार झालेला हा तळहाताएवढा कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकता यावे हा त्यामागचा हेतू होता. त्याच्या नेहमीच्या मॉडेलांत हार्ड डिस्क नसते. कार्यप्रणाली एसडी कार्डावर किंवा मायक्रो एसडी कार्डावर लिहायची आणि ते कार्ड बोर्डाच्या खाचेत सरकवायचे, अशी रीत आहे. प्रयोग संपला, की तेच कार्ड कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये वापरावे असे कुणालाही वाटते. कार्ड विंडोजच्या कॉम्प्युटरला लावले जाते आणि तिथे हा कोड्यात टाकणारा आकडा समोर येतो.

रास्पबेरी पायची कार्यप्रणाली कार्डावर नेहमीच्या फाइलसारखी कॉपी होत नाही. तिची 'इमेज' मिळते, म्हणजे एका संपूर्ण कार्डाची हुबेहूब नक्कल. ती लिहिताना कार्डाच्या पहिल्या बाइटपासून सगळे जसेच्या तसे उतरवले जाते. या नकलेत कार्डाचे दोन भाग आधीच पाडलेले असतात. पहिला छोटा भाग बोर्ड सुरू करण्यासाठी लागणाऱ्या फाइल्सचा. तो फॅट ३२ या पद्धतीने मांडलेला असतो आणि २०२३ साली आलेल्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून ५१२ एमबीचा असतो. त्याआधी काही वर्षे तो २५६ एमबीचा होता. दुसरा मोठा भाग खुद्द लिनक्सचा. त्याची मांडणी ईएक्सटी ४ या पद्धतीची असते. पाय पहिल्यांदा सुरू झाला, की हा दुसरा भाग आपोआप पसरून कार्डाची उरलेली सगळी जागा व्यापतो.

विंडोजला ईएक्सटी ४ वाचता येत नाही. त्यामुळे तिला समजतो तो फक्त पहिला, ५१२ एमबीचा भाग. विंडोजच्या जुन्या आवृत्त्या तर काढता-घालता येणाऱ्या कार्डावरचा पहिलाच भाग दाखवत आणि बाकीच्यांची दखलही घेत नसत. २०१७ साली विंडोज १० मध्ये झालेल्या सुधारणेनंतर कार्डावरचे सगळे भाग दिसू लागले. पण त्यातून नवा गोंधळ झाला. आता कार्ड लावले, की पहिला भाग उघडतो आणि दुसऱ्या भागासाठी 'You need to format the disk' अशी चौकट येते. दुसऱ्या भागातला मजकूर खराब झालेला नसतो, विंडोजला त्याची भाषा येत नाही एवढेच. कार्डावरचे लिनक्स अजून हवे असेल, तर या चौकटीत फॉरमॅटचे बटण कधीही दाबू नये.

मग ३२ जीबी हा आकडा नक्की असतो कुठे? कार्डाची साठवण किती, याचे उत्तर दोन वेगळ्या ठिकाणी मिळते आणि सगळा घोळ या दोन उत्तरांची गल्लत झाल्याने होतो. पहिले उत्तर कार्डाच्या आतल्या नियंत्रक चिपकडे असते. सीएसडी नावाच्या एका नोंदवहीत कारखान्यातच कार्डाची क्षमता लिहिलेली असते. कार्ड रीडर कार्डाशी बोलायला लागला, की ही नोंद वाचतो. फॉरमॅट केल्याने, इमेज लिहिल्याने किंवा भाग पाडल्याने ती बदलत नाही. दुसरे उत्तर कार्डावरच्या साठवणुकीच्या जागेत, अगदी सुरुवातीला, साध्या माहितीसारखे लिहिलेले असते. त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. जमीन आणि सातबारा यांच्यात जे नाते असते, तेच इथे आहे: शेत जागेवर तेवढेच असते, पण उताऱ्यावर एकाच गटाची नोंद वाचता आली, तर बाकीचे शेत कागदोपत्री नाहीसे होते.

हा उतारा फार छोटा असतो. कार्डाची जागा ५१२ बाइटच्या तुकड्यांत मोजतात; एका तुकड्याला सेक्टर म्हणतात. पहिल्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड असे नाव आहे आणि ही पद्धत मुळात मेमरी कार्डांसाठी तयार झालेलीच नाही. आयबीएमने १९८३ साली हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी बाजारात आणला, तेव्हा डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ती आली. एसडी कार्ड त्यानंतर सोळा वर्षांनी, १९९९ मध्ये, सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून जाहीर केले. कार्डाने जुनी पद्धत तशीच उचलली. पहिल्या सेक्टरमधल्या शेवटच्या ६६ बाइटांत चार नोंदी मावतात, प्रत्येकी १६ बाइटांची, आणि उरलेले दोन बाइट शिक्क्याचे. प्रत्येक नोंदीत मुख्यतः तीन गोष्टी असतात: भाग कुठल्या सेक्टरपासून सुरू होतो, किती सेक्टरांचा आहे आणि कुठल्या प्रकारचा आहे.

३२ जीबीचे एक कार्ड घेऊन हा हिशेब प्रत्यक्ष पाहता येतो. बाजारातल्या एका नेहमीच्या ३२ जीबी कार्डावर ६,२३,३३,९५२ सेक्टर असतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरले, तर ही जागा सुमारे ३,१९१ कोटी बाइट होते. बुकवर्मच्या इमेजमध्ये पहिला भाग ८,१९२ व्या सेक्टरपासून सुरू होणारा आणि १०,४८,५७६ सेक्टरांचा, म्हणजे बरोबर ५१२ एमबीचा असा पाहायला मिळतो. तो संपतो तिथून, १०,५६,७६८ व्या सेक्टरपासून, लिनक्सचा भाग सुरू होतो. कार्ड पायमध्ये एकदा सुरू झालेले असेल, तर हा भाग शेवटपर्यंत जातो. म्हणजे सुमारे २९.२ जीबी जागा त्याच्याकडे असते. एकूण जागेच्या साधारण साठाव्या हिश्श्याएवढाच तुकडा विंडोजला ओळखता येतो आणि बाकीची सगळी जागा लिनक्सच्या नावावर राहते.

फॉरमॅट का उपयोगी पडत नाही, हे यावरून उलगडते. राइट क्लिक करून केलेले फॉरमॅट हे संपूर्ण कार्डाचे नसते, एका भागाचे असते. त्या भागाच्या आत फाइलींची यादी नव्याने मांडली जाते, जुनी नावे जातात, पण भागाच्या सीमा जिथल्या तिथे राहतात. ८,१९२ आणि १०,४८,५७६ हे दोन आकडे ज्या पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेले असतात, तो सेक्टर कुठल्याही भागात येत नाही. तो सगळ्या भागांच्या बाहेर असतो. म्हणून ५१२ एमबीच्या भागाला कितीही वेळा फॉरमॅट केले, फॅट ३२ ऐवजी दुसरी पद्धत निवडली किंवा 'क्विक'ची खूण काढून तासभर वाट पाहिली, तरी तो ५१२ एमबीचाच राहणार. उपाय एकच: ती मूळ नोंदच पुसायची आणि संपूर्ण कार्डाचा एकच भाग नव्याने पाडायचा.

उपायाकडे वळण्याआधी निदान पक्के करायला हवे. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'Disk Management' उघडले, की खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्क एका आडव्या पट्टीत दिसते. कार्डाच्या पट्टीच्या डाव्या टोकाला संपूर्ण कार्डाचा आकार लिहिलेला असतो आणि उजवीकडे त्याचे भाग. डावीकडे २९.७२ जीबी आणि उजवीकडे ५१२ एमबी अधिक २९.२ जीबी असे दिसले, तर काळजीचे कारण नाही. चिप खरे सांगते आहे आणि चूक फक्त नोंदीत आहे. कधी दुसऱ्या भागाऐवजी 'Unallocated' अशी काळी पट्टी दिसते. इमेज लिहिली, पण कार्ड पायमध्ये सुरूच केले नाही, तर लिनक्सचा भाग पसरलेला नसतो आणि त्यापुढची जागा अशी मोकळी राहते.

आता ३२ ऐवजी २९.७२ का, हा प्रश्न उरतोच. ही तूट दोषाची नाही. कार्ड बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांना १ जीबी म्हणते. त्यामुळे ३२ जीबीचे कार्ड विंडोजमध्ये साधारण २९.७ आणि ६४ जीबीचे साधारण ५९.५ जीबीच्या आसपास दिसते. एवढा फरक कुठल्याही उपायाने भरून निघत नाही आणि भरून काढण्याची गरजही नसते.

आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते, ती म्हणजे कार्डावरचा मजकूर. भाग नव्याने पाडले, की कार्डावरच्या फाइल्स नेहमीच्या वाटेने परत मिळत नाहीत. पायवरचा प्रोग्रॅम, त्याने नोंदलेली माहिती किंवा त्याआधीचे फोटो हवे असतील, तर ते लिनक्सच्या कॉम्प्युटरवर किंवा त्याच पायवर कार्ड लावून आधी काढून घ्यावेत. इमेज चुकून फोटोंच्या कार्डावर लिहिली गेली असेल, तर त्या क्षणापासून कार्डावर काहीही नवे लिहू नये. अशा वेळी टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मोफत साधने उपयोगी पडतात: पहिले हरवलेले भाग शोधते, दुसरे फाइलींच्या खुणा ओळखून फोटो बाहेर काढते. इमेजने ज्या जागेवर लिहिले, तिथले जुने फोटो मात्र कायमचे गेलेले असतात. आधी सुटका, मग सफाई, हा क्रम मोडू नये.

सफाईचे विंडोजमधले खात्रीचे साधन म्हणजे `diskpart`. ते विंडोजबरोबरच येते, वेगळे घ्यावे लागत नाही. स्टार्टच्या शोधपट्टीत `cmd` लिहून 'Run as administrator' निवडावे आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत `diskpart` असे टाइप करून एंटर दाबावे. त्यानंतर पहिली आज्ञा `list disk`. पडद्यावर साधारण अशी यादी येते:

```
  Disk ###  Status    Size     Free
  --------  --------  -------  -------
  Disk 0    Online     476 GB      0 B
  Disk 1    Online      29 GB      0 B
```

या यादीत ४७६ जीबीची `Disk 0` ही कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क आहे आणि २९ जीबीची `Disk 1` हे कार्ड. यापुढच्या आज्ञा क्रमाने अशा:

```
select disk 1
detail disk
clean
create partition primary
format fs=fat32 quick
assign
exit
```

सगळ्यात धोक्याची जागा इथे आहे. `clean` ही आज्ञा 'नक्की करू का?' असे विचारत नाही. एंटर दाबताच निवडलेल्या डिस्कची नोंद पुसली जाते. चुकून दुसऱ्या हार्ड डिस्कचा क्रमांक लिहिला, तर वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रे एका क्षणात दिसेनाशी होतात. म्हणूनच `select` नंतर `detail disk` ही आज्ञा आहे. ती निवडलेल्या डिस्कचे नाव, ती यूएसबीने जोडलेली आहे का आणि तिच्यावर कोणते भाग आहेत, हे दाखवते. आकारावरून ओळख पटत नसेल, तर कार्ड काढून `list disk` चालवावी, मग कार्ड लावून पुन्हा चालवावी; नव्याने उगवलेली ओळ ती कार्डाची. बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडलेला असेल, तर तो आधी काढून ठेवणे उत्तम. कार्ड काढून पुन्हा लावले, तर क्रमांक बदलू शकतो, त्यामुळे आधीच्या वेळचा क्रमांक आठवणीवर विसंबून वापरू नये.

`clean` नेमके करते ते थोडेच. पार्टिशन टेबलच्या जागी शून्ये लिहिली जातात. सगळे कार्ड पुसले जात नाही, म्हणूनच हे काम एक-दोन सेकंदांत संपते आणि 'DiskPart succeeded in cleaning the disk' असा संदेश येतो. आता विंडोजच्या दृष्टीने कार्डावर कोणतीही सीमा नसते. `create partition primary` लिहिताना आकार दिलेला नाही, त्यामुळे उपलब्ध असलेली सगळी जागा एका भागाला मिळते. `format` त्या भागात फाइलींची यादी मांडते आणि `assign` त्याला ड्राइव्हचे अक्षर देते. काळी खिडकी बंद करून 'This PC' पाहिले, की ५०० एमबीच्या जागी २९.७ जीबी दिसतात.

फाइलींची मांडणी कोणती निवडायची, हे कार्डाच्या आकारावर ठरते. एसडीएचसी वर्गातली, म्हणजे २ जीबीपेक्षा मोठी आणि ३२ जीबीपर्यंतची कार्डे फॅट ३२ साठी ठरलेली आहेत. ३२ जीबीच्या पुढची एसडीएक्ससी कार्डे एक्सफॅटसाठी. त्यामुळे ६४ किंवा १२८ जीबीच्या कार्डाला वरच्या आज्ञांमध्ये `fs=fat32` ऐवजी `fs=exfat` लिहावे. एनटीएफएस निवडू नये. विंडोजवर ते चालते, पण कॅमेरे आणि इतर उपकरणे बहुधा ते ओळखत नाहीत. कार्ड कॅमेऱ्यात वापरायचे असेल, तर कॉम्प्युटरवर सगळी जागा परत मिळवल्यानंतर शेवटचे फॉरमॅट कॅमेऱ्यातच करावे, म्हणजे त्याला लागणारे फोल्डर तो स्वतः तयार करतो.

काळ्या खिडकीची धास्ती वाटणाऱ्यांसाठी अधिक सोपी वाट आहे. एसडी कार्डांचे नियम ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचा स्वतःचा मोफत प्रोग्रॅम आहे, 'SD Memory Card Formatter'. तो भागांच्या आत न राहता संपूर्ण कार्डाचा विचार करतो: जुनी नोंद काढून एसडीच्या नियमांप्रमाणे एकच भाग पाडतो आणि कार्डाच्या आकारानुसार फॅट ३२ की एक्सफॅट हेही स्वतः ठरवतो. त्याच्या यादीत कॉम्प्युटरची आतली डिस्क येत नाही, त्यामुळे मोठी चूक होण्याची शक्यता फार कमी. रास्पबेरी पायचा 'इमेजर' हा प्रोग्रॅमही कार्यप्रणालींच्या यादीत 'Erase' असा पर्याय देतो. तो निवडला, की कार्ड फॅट ३२ मध्ये एकसंध होते. कार्डावर दुसरी इमेज लिहायची असेल, तर मात्र यातले काहीच करावे लागत नाही. नवी इमेज जुन्या नोंदीवरच लिहिली जाते आणि आधीच्या ५१२ एमबीचा तिला काही अडथळा होत नाही.

मॅक आणि लिनक्सवरही काम तेच, फक्त आज्ञा वेगळ्या. मॅकच्या 'Disk Utility'मध्ये सुरुवातीला भागच दिसतात. 'View' मधून 'Show All Devices' निवडले, की वरच्या ओळीत खुद्द कार्ड दिसते. खालच्या भागाऐवजी ही वरची ओळ निवडून 'Erase' करायचे आणि 'Scheme' मध्ये 'Master Boot Record' ठेवायचे. दुसरी पद्धत निवडली गेली, तर मॅकला कार्ड पूर्ण दिसते, पण अनेक कॅमेरे ते वाचत नाहीत. लिनक्सवर `lsblk` या आज्ञेने कार्डाचे नाव शोधतात. ते `sdb` निघाले, तर त्याचे भाग आधी अनमाउंट करून पुढची आज्ञा देतात:

```
sudo wipefs -a /dev/sdb
```

इथे `sdb1` न लिहिता `sdb` लिहायचे असते. शेवटी आकडा आला, की तो एका भागाचा उल्लेख ठरतो आणि मूळ नोंद तशीच राहते.

घरोघरी आढळणारे आणखी एक उदाहरण मोबाइलचे आहे. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये मेमरी कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडायची सोय आली. असे कार्ड फोन स्वतःच्या पद्धतीने मांडतो: सुरुवातीला १६ एमबीचा एक छोटा भाग आणि पुढे सगळी जागा कुलूपबंद. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावले, की १६ एमबीच दिसतात किंवा काहीच उघडत नाही. इथे नोंदीची पद्धतही वेगळी असते. तिला जीपीटी म्हणतात आणि तिची एक प्रत कार्डाच्या सुरुवातीला, दुसरी अगदी शेवटी असते. फक्त पहिला सेक्टर पुसला, तर शेवटची प्रत मागे राहते आणि काही साधने तिच्या आधारे जुनेच भाग पुन्हा उभे करतात. `clean` जीपीटीची नोंदही काढून टाकते, त्यामुळे असे कार्डही तिने एकसंध होते. मात्र कुलपाची किल्ली त्या फोनमध्येच असते. कार्डावरचे फोटो हवे असतील, तर ते त्याच फोनमध्ये लावून आधी काढून घ्यायला हवेत. कॉम्प्युटरवर ते उघडणार नाहीत.

सगळे नीट करूनही काही वेळा अडते आणि कुठे अडले ते संदेशावरून कळते. 'The media is write protected' असे आले, तर आधी कार्डाच्या किंवा अॅडाप्टरच्या डाव्या कडेची छोटी खटकी पाहावी; ती 'Lock'कडे सरकलेली असते. 'Access is denied' असे आले, तर काळी खिडकी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली नसते किंवा कार्ड दुसऱ्या एखाद्या खिडकीत उघडे असते. 'I/O device error' आल्यास आधी कार्ड रीडर बदलून पाहावा, कारण दोष अनेकदा सैल अॅडाप्टरचा असतो.

खरी वाईट बातमी वेगळ्या रूपात येते. `clean` यशस्वी झाल्याचे सांगते, पण कार्ड काढून पुन्हा लावले, की तेच ५१२ एमबी आणि तेच जुने भाग जसेच्या तसे समोर उभे राहतात. याचा अर्थ कार्ड आता लिहून घेत नाही. आतल्या साठवणपेशी झिजल्या, की काही कार्डांचा नियंत्रक लिहिणे बंद करतो आणि फक्त वाचू देतो. रात्रंदिवस चालणाऱ्या पायमध्ये किंवा सीसीटीव्ही कॅमेऱ्यात वापरलेल्या कार्डांवर सतत लिहिले जात असल्याने त्यांच्या बाबतीत ही शक्यता अधिक. असे कार्ड कुठल्याही आज्ञेने परत येत नाही. त्यावरचे वाचता येते ते काढून घ्यावे आणि कार्ड बाजूला ठेवावे.

निदानाच्या वेळी संपूर्ण कार्डाचाच आकार कमी दिसला, म्हणजे 'Disk Management'च्या डाव्या टोकालाच छापील आकड्याहून फार लहान आकडा असला, तर मात्र पार्टिशन टेबलचा प्रश्न नसतो. अशा वेळी `clean` ने काही बदलत नाही, कारण ती चिपच्या नोंदीला हातच लावत नाही. जुना कार्ड रीडर मोठी कार्डे ओळखत नसेल, तर असे होते. दुसऱ्या रीडरवर आकडा बरोबर आला, की उलगडा झाला. याच्या उलट प्रकार बनावट कार्डांचा. त्यांची चिप ६४ जीबी सांगते, आत जागा खूप कमी असते आणि त्या मर्यादेपुढे टाकलेल्या फाइल्स खराब निघतात. संशय असेल, तर विंडोजवर 'H2testw' आणि लिनक्सवर 'F3' ही मोफत साधने कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतात आणि खरी जागा सांगतात. एकसंध केलेल्या कार्डावर महत्त्वाचे काही ठेवण्याआधी ही तपासणी एकदा करून घेणे शहाणपणाचे.

कार्ड दुसऱ्याला द्यायचे किंवा विकायचे असेल, तर `clean` पुरेशी नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. तिने फक्त सीमा पुसल्या जातात. जुने फोटो, पायवर साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि इतर मजकूर आत तसाच राहतो आणि फोटोरेकसारख्या साधनाने बाहेर काढता येतो. त्यासाठी `clean all` ही आज्ञा आहे. ती प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते, त्यामुळे ३२ जीबीच्या कार्डाला कार्डाच्या वेगानुसार बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ खिडकी गोठल्यासारखी दिसते. मध्येच कार्ड उपटू नये. एसडी असोसिएशनच्या प्रोग्रॅममधला 'Overwrite format' हा पर्यायही हेच काम करतो. स्वतःच्याच वापरासाठी कार्ड परत घेताना मात्र याची गरज नाही. तिथे साधी `clean` पुरते आणि कार्डाची झीजही होत नाही.

ज्यांच्या टेबलाच्या खणात असे 'गेलेले' कार्ड पडून आहे, त्यांनी ते फेकण्याआधी एकदा 'Disk Management' उघडून डावीकडचा आकडा पाहावा. तो पूर्ण असेल, तर पाच मिनिटांच्या कामात कार्ड पुन्हा वापरात येते. फक्त `clean` लिहून एंटर दाबण्याआधी डिस्कचा क्रमांक आणि आकार पुन्हा एकदा वाचावा.